डिक्कीतल्या जुळ्या बॅगा: खूण कशी करायची आणि आपली कुणी नेली तर काय करायचं

पुण्या-मुंबईहून संध्याकाळी सुटलेली ट्रॅव्हल्स पहाटे विदर्भात शिरते आणि मग एकेका फाट्यावर थांबत पुढे जाते. बॅगांची अदलाबदल होते ती याच दोन-तीन तासांत. शेवटच्या थांब्यावर सगळे प्रवासी डिक्कीपाशी उभे असतात, उजेड असतो, कुणी चुकीची बॅग उचलली तर मागून हाक येते. मेहकर, कारंजा, दारव्हा अशा मधल्या थांब्यांवर मात्र एक-दोघंच उतरतात. ड्रायव्हर गाडी बंद करत नाही, क्लीनर अर्धवट झोपेत डिक्की उघडतो, "कोणती भाऊ, निळी का?" असं विचारतो आणि हाताला येईल ती निळी बॅग काढून देतो. उतरणाराही झोपेतच असतो. ज्याची बॅग खरोखर गेली, तो त्या वेळी वर स्लीपरमध्ये झोपलेला असतो.

बॅगा इतक्या सारख्या का असतात, तेही सांगायला हवं. कडक कवचाच्या चाकांच्या बॅगा साधारण २०, २४ आणि २८ इंच अशा तीन मापांत येतात आणि रंगही ठरलेले: काळा, गडद निळा, राखाडी, मरून. तालुक्याच्या बाजारात दोन-चार दुकानं, त्यांच्याकडे माल येणार तोही बहुधा एकाच ठोक व्यापाऱ्याकडून. लग्नसराईत आंदणात, आहेरात याच बॅगा दिल्या जातात. त्यामुळे एकाच तालुक्यातली, पुण्यात कामाला असलेली चार पोरं एकाच गाडीत बसली तर दोघांची बॅग हुबेहूब सारखी निघणं अजिबात नवलाचं नाही.

खूण कुणासाठी करायची

नवा प्रवासी खूण करतो ती स्वतःला बॅग ओळखता यावी म्हणून. पण तुमची बॅग तुम्ही नेणारच असता. धोका दुसऱ्याकडून असतो. म्हणून खूण अशी हवी की अनोळखी माणसाने अंधारात, घाईत, तुमच्या बॅगेला हात घातला तरी "ही आपली नाही" हे त्याला लगेच कळावं. हँडलला बांधलेला बारीक काळा दोरा तुम्हाला ओळखू येईल, त्याला दिसणारसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट जागेची. डिक्कीत बॅगा उभ्या नसतात. आडव्या टाकून एकावर एक रचलेल्या असतात आणि दाराकडून बहुतेक वेळा फक्त चाकांची बाजू किंवा बाजूची कड दिसते. वरच्या हँडलला बांधलेला रुमाल अशा वेळी आत, दुसऱ्या बॅगेखाली दबलेला असतो. म्हणून खूण तीन ठिकाणी करा: समोरच्या मोठ्या पृष्ठभागावर, खाली चाकांच्या वरच्या भागात आणि बाजूच्या हँडलजवळ. बॅग कशीही पडली तरी एक तरी खूण दाराकडे यायला हवी.

रुमालाबद्दल थोडं. लाल रुमाल, लाल रिबीन किंवा जुन्या साडीचा लाल काठ ही सगळ्यात जास्त वापरली जाणारी खूण आहे आणि म्हणूनच ती कुचकामी ठरते. दोन सारख्या बॅगा आणि दोघांनाही लाल चिंधी, मग फरक काय राहिला? उलट "माझ्याही बॅगेला लाल रुमाल होता" या खात्रीनेच माणूस चुकीची बॅग नेतो. कापड बांधायचंच असेल तर दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्यांची वेणी घाला, हिरवी-पिवळी वगैरे, आणि ती बाजूच्या हँडलला घट्ट बांधा. टोकं दोन-तीन इंचांपेक्षा लांब ठेवू नका. लोंबती चिंधी डिक्कीच्या दारात अडकते आणि ओढाताणीत सुटून जाते.

रेडियमची पट्टी

कडक बॅगेसाठी सगळ्यात चांगली आणि स्वस्त खूण म्हणजे रेडियम. गाड्यांच्या नंबर प्लेटा आणि मोटारसायकलवरची नावं कापून देणारा रेडियमवाला प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. त्याच्याकडे उरलेले तुकडेही असतात. पहाटेच्या अंधारात क्लीनरच्या हातात मोबाईलची बॅटरी असते. तिचा झोत पडला की रेडियम लख्ख चमकतं, साधा रंग तसा चमकत नाही.

पट्टी दोन इंच रुंद आणि सहा ते आठ इंच लांब घ्या. नुसती सरळ पट्टी लावण्याऐवजी मोठा आकार करा, म्हणजे फुली, बाण किंवा आडनावाचं पहिलं अक्षर. अक्षर चार-पाच इंच उंच असावं. रंग पिवळा किंवा पांढरा घ्या. लाल रेडियम गडद निळ्या किंवा काळ्या बॅगेवर दिवसा फारसं उठून दिसत नाही.

चिकटवताना बहुतेकांचं चुकतं ते साफसफाईत. नव्या बॅगेवर हाताचा तेलकटपणा आणि पॅकिंगची भुकटी असते, तिच्यावर चिकटवलेलं रेडियम एका प्रवासात उचकटतं. आधी साबणाच्या ओल्या कापडाने पुसा, मग कोरड्या कापडाने, आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, त्याने बॅगेचं प्लास्टिक पांढुरकं पडतं आणि पुढे तिथेच तडकतं. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो. बॅगेवर उभ्या नाळ्या असतात, तर नाळीच्या कडेवरून पट्टी नेऊ नका. सपाट भाग शोधा किंवा अरुंद पट्ट्या नाळींमध्ये बसवा. मधून बाहेरच्या बाजूला अंगठ्याने दाबत हवा काढा आणि एक रात्र बॅग तशीच ठेवा. हे काम मे महिन्यात भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली करू नका. उन्हाने गोंद मऊ पडतो आणि पट्टी सरकते. सकाळी करा.

नेलपॉलिशने नाव लिहायची युक्ती कडक बॅगेवर टाळा. त्यातलं द्रावण प्लास्टिकला खातं, आणि चुकलेलं पुसायला रिमूव्हर लावला तर डाग आणखी पसरतो. मार्कर पेन चालतो, पण नुसता लिहिलेला मजकूर हातांच्या घामाने आणि सॅनिटायझरने जातो. लिहून वाळल्यावर वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, मग तो टिकतो.

कापडी बॅगेवर रेडियम धरत नाही. तिथे ऑइल पेंट वापरा. बाजार समितीत व्यापारी पोत्यावर खूण मारतो तशी पुठ्ठ्यात अक्षर कापून, त्यावरून जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग ठोकायचा. ब्रश ओला असेल तर रंग पुठ्ठ्याखाली पसरतो आणि अक्षराचा गोळा होतो. वाळायला पूर्ण दिवस द्या, नाहीतर शेजारच्या माणसाच्या बॅगेलाही तुमची खूण लागेल. रंग नको असेल तर सेफ्टी जॅकेटवर असते ती चमकणारी शिवायची पट्टी शिंप्याकडून बाजूच्या हँडलभोवती शिवून घ्या.

नंबर बाहेर, पत्ता आत

खूण असूनही बॅग गेली, तर ती परत येते फोन नंबरमुळे. नंबर बाहेरच हवा. दुसऱ्याने बॅग नेली की त्याला चूक कळते ती घरी गेल्यावर, कुलूप उघडत नाही तेव्हा. त्या क्षणी त्याच्यासमोर बंद बॅग असते आणि आतली चिठ्ठी त्याला दिसत नाही. म्हणून हँडलजवळ मार्करने पहिलं नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहा, वर चिकटपट्टी लावा. एक नंबर तुमचा, दुसरा घरच्यांपैकी कुणाचा तरी. रात्रभराच्या प्रवासानंतर तुमच्या फोनची चार्जिंग संपलेली असते, आणि अनेक खेड्यांत रेंज येते-जाते.

घराचा पूर्ण पत्ता मात्र बाहेर लिहू नका. घराला कुलूप लावून सगळे गावाला गेलेत हे बॅग बघणाऱ्या प्रत्येकाला कळायची गरज नाही. पत्ता, गाव, तालुका आणि तेच दोन नंबर लिहिलेला कागद आत, कपड्यांच्या सगळ्यात वर ठेवा. बॉलपेनने लिहा, जेल पेनची शाई पावसात ओल लागली की पसरते. कागद छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर उत्तम.

आणि कुलपाच्या आकड्यांचा भरवसा धरू नका. नवी बॅग बहुधा ०००वर येते आणि पुष्कळ लोक ते कधी बदलतच नाहीत. दोघांचंही ०००च असेल तर तुमचा आकडा दुसऱ्याच्या बॅगेलाही लागतो आणि ती आपलीच आहे असं वाटून जातं. घेतल्याबरोबर आकडा बदला.

निघताना चार फोटो काढा: बंद बॅग खुणेसह, उघडी बॅग सामानासह, तिकीट, आणि गाडीची नंबर प्लेट. शेवटचा फोटो लोक विसरतात. एकाच मालकाच्या एकाच मार्गावर रात्री दोन-तीन गाड्या असू शकतात, मग "तुमची पुण्याची गाडी" एवढं सांगून ऑफिसला काहीच कळत नाही. गाडी नंबर आणि क्लीनरचा मोबाईल अनेकदा निघण्याआधी मेसेजने येतो, तो पुसू नका. बॅग डिक्कीत देताना कुठे उतरणार ते क्लीनरला सांगा आणि टोकन मिळत असेल तर मागून घ्या. काही क्लीनर खडूने गावाचं नाव लिहितात, पण ते घासून जातं. दागिने, मूळ कागदपत्रं, औषधं आणि रोख रक्कम डिक्कीत ठेवूच नका, ती खांद्याच्या पिशवीत वर घ्या.

बॅग बदलली तर: एक उदाहरण

समजा गाडी पुण्याहून यवतमाळला चाललीय. तुम्हाला दारव्ह्याला उतरायचंय. त्याआधी कारंजाला दोन प्रवासी उतरलेत. दारव्ह्याला डिक्की उघडते, निळी २४ इंची बॅग समोर आहे, पण तिच्यावर तुमचं रेडियम नाही.

पहिलं काम म्हणजे गाडी थांबवून ठेवणं. "दोन मिनिटं थांबा भाऊ, बॅग बदलली आहे" असं स्पष्ट सांगा आणि डिक्कीतल्या बाकी बॅगा बाजूला करून बघा. तुमची खाली दबलेली असण्याची शक्यता आधी संपवा. डिक्की दोन्ही बाजूंनी उघडत असेल तर दुसऱ्या बाजूनेही बघा.

नसेल, तर उरलेल्या बॅगेचे समोरून, मागून आणि चाकांच्या बाजूने फोटो काढा. तिच्यावर नंबर असला तर तिथूनच फोन लावा. नसला तर ती बॅग उघडू नका आणि घरीही नेऊ नका. हे अनेकांना पटत नाही. "त्याची माझ्याकडे राहिली तर तो झक मारत येईल" असं वाटतं. पण त्याला चूक कळली की तो आधी ट्रॅव्हल्सलाच फोन करणार. बॅग गाडीत किंवा यवतमाळच्या ऑफिसात असेल तर त्याला तिथेच उत्तर मिळतं. शिवाय त्याच्या बॅगेतून काही कमी निघालं तर विचारणा तुमच्याकडे होणार नाही. म्हणून बॅग क्लीनरच्या ताब्यात ठेवा आणि लगेच त्याच्या नंबरवर फोटोसह लिहून पाठवा: गाडी नंबर, तारीख, तुमचा सीट नंबर, कुठे उतरलात, कोणती बॅग गाडीत राहिली, कोणती गेली. तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता शोध कसा लावायचा ते बघा. तुमची बॅग तुमच्या आधी उतरलेल्याकडेच गेलेली असणार. दारव्ह्यानंतर उतरणारे त्या वेळी गाडीतच होते, त्यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नाही. म्हणजे प्रश्न कारंजाच्या दोघांचा आणि त्याआधीच्या थांब्यांवर उतरलेल्यांचा. बुकिंग ऑफिसकडे सीटनुसार नाव, मोबाईल आणि उतरायचं ठिकाण यांची यादी असते. ऑफिस तुम्हाला दुसऱ्याचा नंबर देणार नाही, देऊही नये. "दारव्ह्याच्या आधी उतरलेल्यांना तुम्हीच फोन करा आणि माझा नंबर द्या" एवढं मागा. सुरुवात सगळ्यात जवळच्या थांब्यापासून करायला सांगा.

पहाटे फोन उचलला जाईलच असं नाही. म्हणून ऑफिसकडून व्हॉट्सॲपसोबत साधा एसएमएसही पाठवायला सांगा, तो इंटरनेटशिवाय पोचतो. मजकूर असा असावा:

"नमस्कार. आज पहाटे कारंजाला उतरताना आपली निळी बॅग बदललेली असू शकते. आपली बॅग आमच्याकडे सुरक्षित आहे. आपल्याजवळच्या बॅगेवर पिवळी फुली आहे का ते कृपया बघा आणि या नंबरवर फोन करा."

यात आळ नाही आणि समोरच्याच्या फायद्याची गोष्ट लगेच आली आहे. "माझी बॅग चोरली, परत दे" असं लिहिलं तर घाबरून फोन बंद करणारे लोकही असतात, आणि मग साध्या चुकीचं प्रकरण होतं.

गावच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर गाडी, तारीख, थांबा आणि बॅगेचा रंग एवढंच टाका. आत काय आहे आणि खूण नक्की कोणती, हे लपवून ठेवा. ओळख पटवायला तेच लागणार आहे. फोन करणाऱ्याला विचारा, "बॅगेवर खूण काय आहे? वरच्या कप्प्यात काय दिसतं?" खरा माणूस लगेच सांगतो.

चूक उलटी झाली असेल, म्हणजे घरी आल्यावर कळलं की आपणच दुसऱ्याची आणली, तर कुलूप तोडू नका. उघडली गेलीच असेल तर हात न लावता फोटो काढा, बंद करा आणि त्याच मिनिटाला ट्रॅव्हल्सला कळवा. यात कायदाही स्पष्ट आहे. आपली समजून बॅग नेणं ही चोरी नाही. पण चूक कळल्यावरही ती ठेवून घेतली किंवा सामान वापरलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो गुन्हा होतो.

बॅगा परत घेताना शक्यतो बसस्थानकावर भेटा. दोघांनी समोरासमोर आपापली बॅग उघडून सामान बघा आणि एका कागदावर दोन ओळी लिहा: "बॅग सामानासह मिळाली, तक्रार नाही", खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. मध्ये ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवायची वेळ आली तर बॅगेला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, त्यावर सही करा आणि फोटो पाठवा, म्हणजे वाटेत उघडली की कळेल. जाण्यायेण्याचा खर्च बॅग चुकीची नेणाऱ्याने द्यावा, असं आमचं मत. क्लीनरने चुकीची काढून दिली असेल तर तो ट्रॅव्हल्सकडे मागा.

दिवसभरात काहीच उत्तर आलं नाही, किंवा बॅगेत किमती वस्तू आहे, तर थांबू नका. लेखी अर्ज घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. बॅग कारंजाला गेली म्हणून तक्रार तिथेच द्यायला हवी असं नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे, तिलाच झिरो एफआयआर म्हणतात. अर्जाला तिकीट, गाडीचा फोटो, बॅगेचे फोटो आणि सामानाची यादी जोडा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पुढे ट्रॅव्हल्सकडे भरपाई मागताना तीच लागते.

एसटी, रेल्वे, विमान

एसटीत बॅग बहुधा आपल्याजवळच असते, त्यामुळे अदलाबदल कमी होते. झालीच तर कंडक्टरला सांगा. गाडी निघून गेली असेल तर बसस्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाला तिकीट दाखवा, तो गाडी पुढे जिथे थांबणार तिथे फोन करू शकतो. गाडी ज्या आगाराची आहे तिथेही चौकशी करा.

रेल्वेत १३९ वर फोन करा आणि गाडी नंबर, डबा, बर्थ आणि बॅग गेली असावी ते स्टेशन सांगा. गाडी चालू असतानाच टीटीईला किंवा रेल्वे पोलिसांना सांगितलं तर पुढच्या स्टेशनला निरोप जातो. बडनेऱ्याला उतरून विचार करत बसलात तर गाडी तोवर वर्धा ओलांडते.

नागपूरला विमानाने उतरलात आणि पट्ट्यावर आपल्यासारखी एकच बॅग फिरत राहिली, तर टॅगवरचा नंबर तुमच्या बोर्डिंग पासवर चिकटवलेल्या पावतीशी ताडून बघा. जुळत नसेल तर बॅग तिथेच ठेवा आणि हॉलच्या बाहेर पडण्याआधी त्या विमान कंपनीच्या सामान काउंटरवर लेखी तक्रार द्या, तिला पीआयआर म्हणतात. तिचा क्रमांक घ्या. टॅगवरून उरलेली बॅग कुणाची ते कंपनीला कळतं, म्हणून इथे बॅग लवकर सापडते. मात्र मागच्या प्रवासाचे जुने टॅग बॅगेवर तसेच ठेवले असतील तर मशीन चुकीचा टॅग वाचू शकतं. घरून निघतानाच ते फाडून टाका.